वांगावर ट्रानेक्झॅमिक ॲसिडचं सीरम: कसं लावायचं आणि किती महिने

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांच्या हाडांवर तपकिरी वांग आले आणि वरच्या ओठावर मिशीसारखी सावली पडली. पहिली दोन वर्षं मी त्यावर लिंबू-मध, बटाट्याचा रस, जायफळ उगाळून असं जे कोणी सांगेल ते लावत होते. मग एका औषधाच्या दुकानातून 'गोरं करणारी' ट्यूब आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. सहा आठवड्यांनी ट्यूब संपली, तसा चेहरा लाल होऊन जळजळायला लागला आणि वांग आधीपेक्षा गडद झाले. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, हे मला नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं. चेहरा शांत व्हायला तीन महिने गेले आणि त्यानंतर त्यांनी मला ट्रानेक्झॅमिक ॲसिडचं सीरम दिलं. आज बऱ्याच जणी हे सीरम चिठ्ठीशिवाय आणतात, महिनाभर लावतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणून ठेवून देतात. ते महिनाभरात का दिसत नाही आणि किती दिवस लावायचं, हे समजून घेतलं तर बाटलीचे पैसे वाया जाणार नाहीत.

आधी वांगच आहेत ना, ते बघा

हे सीरम प्रामुख्याने वांगासाठी, म्हणजे मेलाज्मासाठी. मुरुम गेल्यावर राहिलेल्या तपकिरी डागांवरही ते वापरतात, पण त्याची खरी परीक्षा वांगावरच होते. वांग बहुधा दोन्ही बाजूंना सारखे येतात: गाल, कपाळ, वरचा ओठ, नाकाचा दांडा, कधी जबड्याची कड. त्यांना खाज नसते आणि कातडी हाताला गुळगुळीत लागते.

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळेपणा वांग नसतो. मानेवर आणि कपाळाच्या कडांना कातडी मखमलीसारखी जाड आणि काळपट झाली असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा वाढलेलं वजन आणि इन्सुलिनची गडबड असते. तिथे सीरमपेक्षा रक्तातली साखर तपासणं गरजेचं. केसांना काळा डाय लावणाऱ्यांच्या कपाळाच्या कडेला, कानामागे आणि मानेवर राखाडी-काळसर छटा पसरत जाते. ती डायची ॲलर्जी असू शकते. टिकलीच्या गोंदाने कपाळाच्या मधोमध पडलेला गोल डागही वेगळा. या दोन्हींत कारण बंद केल्याशिवाय कुठलंही सीरम काम करत नाही. शंका असेल तर एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, कारण चुकीच्या डागावर योग्य औषध लावण्यात सहा महिने सहज निघून जातात.

डाग किती खोल आहे याचा अंदाजही घेऊन ठेवा. खिडकीजवळ आरसा धरा. स्वच्छ तपकिरी रंग आणि ठळक कड असेल, तर रंग बराचसा वरच्या थरात असतो. निळसर-राखाडी छटा आणि कड कुठे संपते ते कळत नसेल, तर रंग खाली उतरलेला असतो. बहुतेकींचे वांग मिश्र असतात. सावळ्या त्वचेवर हा अंदाज चुकूही शकतो, पण अपेक्षा किती ठेवायची ते त्यावरून ठरवता येतं.

हे नेमकं करतं काय

अंगावरून फार जात असेल तर डॉक्टर पाळीच्या दिवसांत एक गोळी देतात, ती बऱ्याच जणींनी घेतलेली असते. तेच हे औषध. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ मध्ये ते शोधलं ते रक्तस्राव थांबवण्यासाठी. बाळंतपणानंतर अतिरक्तस्रावाने बायका दगावतात, हे त्यांच्या मनात होतं. पुढे १९७९ मध्ये जपानमध्येच अंगावरच्या पित्तासाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णाचे वांग फिके होताना एका डॉक्टरांच्या लक्षात आले आणि औषधाचा दुसरा प्रवास सुरू झाला.

रक्ताच्या औषधाने रंग का कमी व्हावा? ऊन लागलं की त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी प्लाझ्मिन नावाचं एक द्रव्य तयार करायला लावतात. या प्लाझ्मिनमुळे पुढे काही संदेश सुटतात आणि ते रंगपेशींपर्यंत पोचले की रंगपेशी जास्त मेलानिन करू लागतात. ट्रानेक्झॅमिक ॲसिड प्लाझ्मिन तयार होण्याच्या आधीच त्याच्या कच्च्या मालाला चिकटून बसतं. संदेश कमी सुटतात, रंगपेशी शांत राहतात. वांगाच्या जागी बारीक रक्तवाहिन्याही वाढलेल्या असतात. त्यांची वाढही हे औषध आवरतं, त्यामुळे ज्यांचे वांग जरा लालसर दिसतात त्यांना त्याचा जास्त उपयोग होतो.

आता यातून निघणारी गोष्ट. सीरम नवा रंग तयार होणं कमी करतं. जो रंग आधीच कातडीत भरलेला आहे, तो खरवडून काढत नाही. तो जातो कातडीच्या नेहमीच्या झडण्याने. वरचा थर पूर्ण बदलायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, चाळिशीनंतर आणखी जास्त. जुना रंग भरलेल्या कातडीचे दोन-तीन फेरे झडून गेल्याशिवाय आरशात फरक दिसत नाही. म्हणून महिनाभराने 'काहीच झालं नाही' असं वाटतं, तेव्हा आत काम चालू असू शकतं. खालच्या थरात उतरलेला रंग मात्र झडत नाही. तो शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू उचलतात, त्याला वर्षही लागतं आणि तिथे सीरमचा जोर फारसा चालत नाही.

बाटली घेताना

टक्केवारी छापलेलीच बाटली घ्या. २ ते ५ टक्के ही वापरातली मर्यादा, आणि सुरुवातीला ३ टक्के पुरे. इराणमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच चेहऱ्याच्या एका बाजूला ३ टक्के ट्रानेक्झॅमिक ॲसिड आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोक्विनोन हे डाग फिके करणारं औषध व स्टिरॉइड यांचं मिश्रण १२ आठवडे लावलं होतं. दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच फरक पडला, पण ट्रानेक्झॅमिकच्या बाजूला लाली आणि जळजळ कमी होती. आमच्यासारख्या, ट्यूबने चेहरा भाजून घेतलेल्या बायकांना हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

त्याच बाटलीत नायसिनामाइड असेल तर चांगलंच, दोघांचं जमतं. पण ग्लायकोलिक ॲसिड, रेटिनॉल आणि सुगंध असं सगळं एकत्र असलेली बाटली पहिल्यांदा नको. चेहरा चुरचुरला तर कशाने चुरचुरला ते कळणार नाही.

घरातल्या गोळ्या कुटून क्रीममध्ये कालवण्याचा सल्ला मी दोन-तीनदा ऐकला आहे. कृपा करून करू नका. गोळीतल्या खडू-स्टार्चसारख्या भरतीच्या गोष्टी कातडीला टोचतात आणि किती औषध गेलं ते कळत नाही. गोळी पोटात घेण्याचा उपचारही आहे, पण तो डॉक्टरच्या हाताखालीच. ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, घरात तसा इतिहास आहे किंवा ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांना ही गोळी धोक्याची ठरू शकते. सीरममधून रक्तात फारच थोडं जातं. तरी गुठळीचा इतिहास असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर सीरमलाही आधी डॉक्टरांचा होकार घ्या.

लावायची पद्धत

पहिल्या तीन रात्री फक्त कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर एक थेंब लावा. लाली, पुरळ, खाज काही आलं नाही तर चौथ्या रात्रीपासून चेहऱ्यावर. पहिला आठवडा फक्त रात्री, मग सकाळी आणि रात्री.

रात्री सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा आणि टॉवेलने टिपा, घासू नका. वांगाच्या कातडीला घासणं अजिबात सोसत नाही. चेहरा किंचित ओलसर असताना चार थेंब घ्या: एकेका गालाला एक, वरच्या ओठाला अर्धा, उरलेलं कपाळ आणि नाकाला. बोटांच्या टोकांनी थापून जिरवा. डागावरच नाही, डागाच्या भोवतालीही एक बोटभर पुढे जा; वांगाची कड जिथे दिसते, तिथे ती संपलेली नसते. दोन-तीन मिनिटांनी साधं मॉइश्चरायझर लावा.

थेंबांचा हिशोब करून ठेवा, कारण तिथेच जास्त चुका होतात. ३० मिलीच्या बाटलीत अंदाजे ६०० थेंब. सकाळ-रात्र मिळून आठ थेंब म्हटले तर बाटली ७५ दिवस पुरते. १२ आठवड्यांना एक बाटली संपून दुसरीचे थोडे दिवस लागतात. तुमची बाटली महिन्यातच संपली तर तुम्ही नुसतंच ओतताय, जास्त लावल्याने जास्त उजळत नाही. आणि चार महिने झाले तरी अर्धी शिल्लक असेल, तर लावायचं राहतंय हे मान्य करायला हवं.

सकाळी तसंच, फक्त शेवटी सनस्क्रीन. त्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण माझे पहिले दोन महिने इथेच फुकट गेले असते.

मी वाटाण्याएवढं सनस्क्रीन लावून समाधानी होते. डॉक्टरांनी तर्जनी आणि मधलं बोट पुढे करायला लावलं आणि म्हणाल्या, या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढा, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. शिवाय साधं पांढरं सनस्क्रीन वांगाला अपुरं पडतं, कारण वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाहीत. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही त्यांना गडद करतो. तो अडवायला आयर्न ऑक्साइड असलेलं, फाउंडेशनसारखी छटा असलेलं टिंटेड सनस्क्रीन लागतं. घरात खिडकीशी बसून काम करणाऱ्या, दुचाकीवर मुलांना शाळेत सोडणाऱ्या, गच्चीवर वाळवणं घालणाऱ्या सगळ्यांनाच ते हवं. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा.

उष्णतेनेही वांग चिघळतात. गॅसपुढे तासभर भाकऱ्या भाजताना चेहरा तव्यावर वाकलेला असतो, तो हातभर मागे घ्या, एक्झॉस्ट लावा, दुपारच्या ऐवजी सकाळी स्वयंपाक उरका. पार्लरमधली वाफ तर या काळात बंदच.

माझे बारा आठवडे

गणपती उठल्यावर मी सुरुवात केली, म्हणजे पुढे हिवाळा येणार होता. एक शिस्त पाळली: दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी आठला, बेडरूमच्या उत्तरेकडच्या खिडकीशी, त्याच फोनने, फ्लॅश आणि फिल्टर बंद ठेवून तीन फोटो. आरसा रोज बघून कळत नाही. रोजच्या झोपेवर, पाळीवर, उजेडावर डाग कमी-जास्त दिसतो.

चौथ्या आठवड्याला फोटोत शून्य फरक. सहाव्याला रंग तेवढाच होता, पण डाव्या गालावरची कड विस्कटल्यासारखी झाली होती; आधी नकाशातल्या किनाऱ्यासारखी स्पष्ट होती. सुधारणा आधी कडेला दिसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी बाटली फेकायला निघाले होते. आठव्या-नवव्या आठवड्यात डागाच्या मध्ये मूळ रंगाची छोटी बेटं दिसायला लागली. बाराव्या आठवड्याचा फोटो पहिल्या फोटोशेजारी ठेवला, तेव्हा गालांवरचा रंग साधारण निम्मा उतरला होता.

वरचा ओठ मात्र जसाच्या तसा. डॉक्टरांनी विचारलं, तिथे काय करता? मी दर तीन आठवड्यांनी थ्रेडिंग करत होते आणि स्वयंपाक करताना घाम आला की ओढणीच्या टोकाने ओठावरचा घाम रगडून पुसत होते. दर थ्रेडिंगने कातडी सुजायची, सुजेने रंगपेशी पुन्हा चेतायच्या आणि सीरमने केलेलं काम पुसलं जायचं. थ्रेडिंग थांबवून केस बारीक कात्रीने कापायला लागले, ओट्याशेजारी मऊ सुती रुमाल ठेवला आणि घाम टिपायला लागले. पुढच्या दहा आठवड्यांत ओठाची सावली फिकी झाली. पूर्ण गेली नाही. तिथला रंग खोल आहे आणि तो तसाच राहील असं डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

बाराव्या आठवड्याला काय ठरवायचं

१२ आठवड्यांच्या आधी सीरमवर निकाल देऊ नका, पण त्यानंतर निकाल द्यायलाच हवा. फरक दिसला असेल तर तेच, तसंच, दिवसातून दोनदा आणखी तीन महिने. सहा महिन्यांच्या आसपास डाग एका जागी थांबतो, महिनाभराच्या फोटोंत बदल दिसत नाही. तिथून फक्त रात्री. तीन महिने तसेच टिकले तर आठवड्यातून तीन रात्री. एकदम बंद करू नका. वांगाच्या रंगपेशी आयुष्यभर चटकन चेतणाऱ्याच राहतात, औषधाने त्या फक्त आवरलेल्या असतात. मी एकदा फेब्रुवारीत सगळं थांबवलं, मेमध्ये गावच्या लग्नात आठ दिवस मांडवात काढले आणि जूनपर्यंत निम्मा डाग परत आला. आता मार्च लागला की मी रोज दोनदावर जाते आणि पाऊस स्थिरावला की पुन्हा कमी करते. हायड्रोक्विनोन डॉक्टर तीन-चार महिन्यांनी बंद करायला लावतात, कारण जास्त काळ लावलं तर कातडीत निळसर-काळी छटा बसू शकते. ट्रानेक्झॅमिकला तशी सक्तीची सुट्टी लागत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं हलक्या मात्रेत चालवायला सोयीचं.

फोटोत काडीचाही फरक नसेल तर दुसरं सीरम आणण्याआधी सनस्क्रीनचं प्रमाण, थेंबांचा हिशोब, घासणं, थ्रेडिंग आणि चालू असलेल्या हार्मोनच्या गोळ्या तपासा. हे सगळं नीट असूनही फरक नसेल, तर रंग खोल असावा किंवा ते वांग नसावेत, तेव्हा डॉक्टरकडे जा. तिथे ॲझेलिक ॲसिड किंवा रात्रीसाठी दुसरं मलम जोडता येतं.

आणि डाग गडद होत चालला असेल, तर बारा आठवड्यांची वाट बघू नका. चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा वाटणं, पाणी लागलं तरी चुरचुरणं, नाकाच्या बाजूला बारीक पापुद्रे ही चेहरा दुखावल्याची लक्षणं. आपल्या त्वचेत प्रत्येक जळजळ मागे काळेपणा ठेवून जाते. सीरम आणि फेसवॉश दोन्ही दोन आठवडे बंद करा, फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ठेवा. चुरचुर पूर्ण थांबली की सीरम एक दिवसाआड रात्री, मॉइश्चरायझरच्या वर लावून परत सुरू करा आणि बारा आठवडे तिथून नव्याने मोजा.